हरवलेल्या पेटीचे दोन कागद

विमानाने प्रवास करताना सामान कंपनीच्या स्वाधीन केले की आपल्या हाती एक चिंचोळी चिठ्ठी पडते. आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते सामान आले नाही, तर विमानतळावरील खिडकीशी एक अर्ज भरून त्याची प्रत मिळते. हे दोन कागद कसे वाचावेत, एवढाच आजचा विषय आहे. विषय ऐकून काही श्रोत्यांस नवल वाटेल. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमान उतरत नाही; आपली वाट एस.टी.ची, नाहीतर मलकापूर-शेगावच्या आगगाडीची. पण चिखली, मेहकर, खामगाव येथील कितीतरी घरांतील मुले परदेशी नोकरीस आहेत, आणि त्यांचे आईवडील सहा-सहा महिने तिकडे राहून मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मार्गाने परत येतात. पेटी हरवली म्हणजे ही मंडळी त्या कागदांचे फोटो काढून ओळखीच्यांकडे पाठवितात, आणि "यात काय लिहिले आहे ते सांगा" म्हणतात. असे फोटो आमच्याकडेही येतात. त्यांतील एक प्रकरण आम्ही सविस्तर सांगणार आहोत. कंपनीचे नाव मात्र सांगणार नाही, कारण आपल्याला कागद वाचावयाचा आहे, कोणाची फजिती करावयाची नाही.

चिखलीचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी शिकागोहून मुलाकडून परत येत होते. वाटेत लंडनला विमान बदलावयाचे होते. मुंबईस ते ४ मार्चच्या पहाटे उतरले. चार पेट्या दिल्या होत्या, तीनच आल्या. चौथीत गुरुजींची तीन महिन्यांची औषधे होती, बाईंच्या दोन साड्या होत्या, आणि नातवाने रंगवून दिलेली एक लाकडी पेटी होती. पुढे संभाजीनगरचे विमान गाठावयाचे होते. म्हणून घाईघाईने अर्ज भरून ते निघाले, आणि दुपारी आम्हांला चिठ्ठीचा व अर्जाचा असे दोन फोटो आले.

प्रथम चिठ्ठी पाहू. तिच्यावर सर्वांत मोठी तीन अक्षरे होती BOM, आणि त्याहून लहान अक्षरांत LHR. विमानतळाला जगभर तीन रोमन अक्षरांचे एक सांकेतिक नाव असते. मोठे नाव पेटीच्या अखेरच्या मुक्कामाचे, लहान नाव वाटेतील बदलाचे. मुंबईचे जुने इंग्रजी नाव १९९५ साली गेले, तरी चिठ्ठीवर BOM च राहिले, कारण ही नावे सहसा बदलत नाहीत. LHR म्हणजे लंडनचा हीथ्रो. जेथून पेटी निघाली ते शिकागो ORD. हा विमानतळ पूर्वी ऑर्चर्ड फील्ड म्हणून ओळखला जाई, त्याची ती खूण आहे. नागपूरचे NAG सहज कळते. पण संभाजीनगरचे IXU पाहून मनुष्य गोंधळतो. IX ने सुरू होणारी नावे भारतातील पुष्कळ विमानतळांना दिलेली आहेत. बेळगावचे IXG आहे, चंदीगडचे IXC आहे. त्यांत शहराच्या नावाचा अर्थ शोधीत बसू नये.

गुरुजींच्या चिठ्ठीवर IXU नव्हते, याचा अर्थ कंपनीने पेटी मुंबईपर्यंतच पोहोचविण्याचे पत्करले होते. संभाजीनगरचे तिकीट वेगळे काढलेले होते. मात्र एकच तिकीट असून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत IXU असते, तरीही परदेशातून येणाऱ्याने मुंबईस पट्ट्यावरून सामान स्वतः उचलून जकातीतून न्यावे आणि पुन्हा स्वाधीन करावे, असाच आपल्याकडील सर्वसाधारण रिवाज आहे. चिठ्ठीवर पुढचे नाव पाहून मुंबईच्या पट्ट्याकडे न फिरकलेले प्रवासी आम्हांला ठाऊक आहेत. त्यांची पेटी हरवलेली नसते, बिचारी मुंबईत वाट पाहत असते.

नावांच्या खाली काळ्या रेघांचा पट्टा आणि त्याच्याशी दहा आकडे असतात. चिठ्ठीचा प्राण म्हणजे हे दहा आकडे. पहिला आकडा चिठ्ठीचा प्रकार सांगतो. साध्या चिठ्ठीवर तो बहुधा 0 असतो. पुढील तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे 098 आहेत, इंडिगोचे 312. उरलेले सहा त्या पेटीचा स्वतःचा क्रमांक. गुरुजींच्या पेटीचा क्रमांक 417265 होता. कित्येकदा कंपनीच्या तीन आकड्यांऐवजी तिची दोन अक्षरे आणि पुढे हे सहा आकडे छापतात; क्रमांक तोच असतो. बदलाच्या ठिकाणी पेटी कोणत्या विमानात चढवावयाची हे यंत्र या रेघा वाचून ठरविते. म्हणून मागच्या प्रवासातील जुनी चिठ्ठी किंवा तिचे लहान चिकटतुकडे पेटीवर राहू देऊ नयेत; यंत्राने जुन्याच रेघा वाचल्या तर पेटी भलतीकडे जाते. नव्या चिठ्ठीबरोबर पेटीच्या अंगावर चिकटविलेले लहान तुकडे मात्र काढू नयेत. मुठीवरची लांब पट्टी फाटली तर ओळख पटविण्यास तेच उरतात.

येथे फोटोचा उपयोग ध्यानात यावा. ही चिठ्ठी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. खिशातील घामाने, उन्हाने तिची अक्षरे पुसट होतात, आणि दोन महिन्यांनी कोरा कागद हाती राहतो. ती मिळाल्याबरोबर सपाट ठेवून, उजेडात, चारही कोपरे येतील असा फोटो घ्यावा. गुरुजींच्या पहिल्या फोटोत अंगठ्याखाली शेवटचे दोन आकडे झाकले गेले होते. तो पुन्हा काढावयास लावावा लागला. मात्र असा फोटो चारचौघांत फिरवू नये. शोधाचा क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर कोणासही त्या पेटीची हकिकत पाहता येते.

आता वजन. तिकिटावर कधी 30K असे लिहिलेले असते, कधी 2PC. पहिल्याचा अर्थ एकूण ३० किलो. दुसऱ्याचा अर्थ दोन नग, आणि प्रत्येक नगाची मर्यादा कंपनीने वेगळी सांगितलेली. अमेरिकेच्या वाटेवर ती बहुधा २३ किलो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ५० पौंड असते. ३२ किलोंच्या वरची एकच पेटी सामान्यतः घेतच नाहीत, कारण ती माणसाला उचलावी लागते. गुरुजींच्या पावतीवर 4/89 असे होते. हा अपूर्णांक नव्हे आणि तारीखही नव्हे. चार नग, मिळून ८९ किलो, असा त्याचा अर्थ.

हे एकत्र वजन वरवर निरुपद्रवी दिसते, पण त्यात मोठी अडचण आहे. चार पेट्या एका जोडप्याच्या म्हणून एकत्र मोजल्या, तर हरवलेल्या एका पेटीचे वजन कोठेच लिहिलेले राहत नाही. पेटी पुढे सापडली आणि आतून काही गेलेले असले, तर किती गेले हे सिद्ध कशाने करावयाचे? गुरुजी संध्याकाळी चिखलीस पोहोचेपर्यंत आम्ही त्यांना निरोप दिला की, आलेल्या तीन पेट्या उघडू नका. आधी आडतीच्या काट्यावर नेऊन वजन करा, आणि काट्याच्या आकड्यासह फोटो घ्या. बाईंना हे मुळीच पटले नाही. इतक्या दूरच्या प्रवासाहून आलेले सामान बांधलेलेच घेऊन बाजारात जावयाचे म्हणजे काय! पण गेले. वजने भरली २२.३, २२.६ आणि २१.९ किलो, बेरीज ६६.८. एकूण ८९ मधून ती वजा जाता चौथी पेटी २२.२ किलोंची ठरली. आडतीचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडा फरक असू शकतो, पावतीवरचा आकडाही पूर्ण किलोंत असतो. तेव्हा हा पुरावा सोन्याच्या काट्यासारखा नेमका नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. ज्यांना हे टाळावयाचे असेल त्यांनी सामान देतेवेळीच प्रत्येक पेटी काट्यावर असताना आकड्याचा फोटो काढावा.

पूर्वी वजनाचे महत्त्व आणखी मोठे होते. १९२९ च्या वॉर्सा तहाप्रमाणे भरपाईची मर्यादा किलोवर मोजली जाई. पेटीत कोळसा असो की रेशीम, दर तोच. १९९९ च्या माँट्रियल तहाने ही पद्धत सोडून मर्यादा प्रवाशामागे ठरविली. भारत या तहात २००९ साली सामील झाला. आज वजन कामास येते ते मुख्यतः पुरावा म्हणून.

दुसरा कागद म्हणजे अर्ज. इंग्रजीत त्याला प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट म्हणतात, आणि खिडकीवरील मंडळी पी.आय.आर. म्हणतात. मराठीत आम्ही त्याला 'सामानाच्या गैरव्यवस्थेची खबर' म्हणू, आणि खबर हा शब्द मुद्दाम योजू. कारण हा कागद म्हणजे भरपाईची मागणी नव्हे. सर्व घोटाळा येथे होतो. अर्ज भरला, शिक्का मिळाला, आता कंपनी पाहून घेईल, असे समजून लोक घरी बसतात, आणि मागणीची मुदत निघून जाते.

गुरुजींच्या अर्जाच्या डोक्यावर BOMXX10234 अशा प्रकारचा क्रमांक होता. कंपनीची दोन अक्षरे झाकण्यासाठी आम्ही XX लिहिले आहे. पहिली तीन अक्षरे जेथे खबर दिली तो विमानतळ, मग कंपनी, मग पाच आकड्यांचा अनुक्रम. हा क्रमांक पेटीचा नव्हे, प्रकरणाचा. हरवलेल्या पेट्या जुळविणारी वर्ल्डट्रेसर नावाची व्यवस्था बहुसंख्य कंपन्या वापरतात, आणि तेथे हकिकत पाहताना हा क्रमांक व आडनाव टाकावे लागते. आडनाव तिकिटावर आहे तेच, त्याच स्पेलिंगने लिहावयाचे. आपल्याकडे एकच आडनाव घरात दोन तऱ्हांनी लिहिले जाते, म्हणून हे सांगितले.

त्याखाली पेटीचे वर्णन होते: BK, पुढे दोन आकडे, आणि मग HWC. रंगासाठी दोन अक्षरे असतात. BK काळा, BU निळा, RD तांबडा. आकडे पेटीच्या आकाराचे. खिडकीवर चित्रांचा एक तक्ता असतो, त्यातील चित्रावर बोट ठेवले की त्याचा आकडा लिहितात. H म्हणजे ओढून लांब होणारी मूठ, W म्हणजे चाके, C म्हणजे आकड्यांचे कुलूप. आम्ही गुरुजींना विचारले, "पेटी खरोखर काळी आहे का?" ते म्हणाले, "गडद निळी आहे, पण त्या पहाटे काळी काय आणि निळी काय!" ही लहान गोष्ट नव्हे. लंडनला किंवा आणखी कोठे चिठ्ठी फाटून पेटी पडली असेल, तर तेथील माणूस तिच्यावर BU लिहिणार; येथील अर्जावर BK; जुळणी लांबणार. त्याच दिवशी कंपनीला पत्र पाठवून रंग दुरुस्त करून घेतला.

तीच गोष्ट आतील वस्तूंच्या रकान्याची. गुरुजींनी तेथे 'कपडे, औषधे' एवढेच लिहिले होते. जगातील प्रत्येक पेटीत कपडे असतात. चिठ्ठी नसलेली पेटी उघडून पाहिली जाते तेव्हा तिच्यात नजरेत भरणारी वस्तू कोणती, यावर ओळख पटते. म्हणून दुरुस्तीच्या पत्रात सर्वांत वर लिहिले: मोर रंगविलेली लहान लाकडी पेटी, तीवर मराठीत नाव.

पत्त्याच्या रकान्यात त्यांनी मुलाचा शिकागोचा पत्ता दिला होता, कारण तिकिटावर तोच होता. तसे राहिले असते तर सापडलेली पेटी पुन्हा समुद्र ओलांडून गेली असती. पेटी पोहोचविण्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात चिखलीचा पत्ता, तालुका, जिल्हा, पिन ४४३२०१ आणि चालू भ्रमणध्वनी असा बदल करून घेतला. आपल्या गावाला विमानतळाचे तीन अक्षरी नाव नाही. म्हणून जवळचा विमानतळ IXU असेही लिहून द्यावे. नाहीतर "मुंबईहून घेऊन जा" असा निरोप येण्याचा संभव फार.

आता मुदतीकडे वळू. तहात तीन मुदती आहेत, आणि त्या साध्या दिवसांत मोजावयाच्या. रविवार-सुट्ट्या वगळावयाच्या नाहीत. पेटी यावयाच्या दिवसापासून २१ दिवसांत ती आली नाही, तर ती गेली असे धरून प्रवाशाला भरपाई मागता येते. गुरुजींच्या बाबतीत ४ मार्चपासून मोजून ही तारीख २५ मार्च होती. पेटी उशिरा आली, तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत उशिराबद्दल लेखी तक्रार करावी लागते. आणि पेटी मोडकी आली, तर हाती आल्यापासून फक्त ७ दिवसांत. न्यायालयात जाण्याची मर्यादा २ वर्षांची आहे. पण लेखी तक्रार वेळेत गेली नसेल तर पुढचा मार्ग जवळजवळ बंदच होतो.

पेटी १५ मार्चला आली. तिच्या मुठीवर नवी चिठ्ठी होती, तिच्यावर RUSH असे ठळक छापलेले, आणि दहा आकड्यांतील पहिला आकडा 2. अशी चिठ्ठी प्रवाशाविना एकटीच मागाहून पाठविलेल्या पेटीस लावतात. पोहोचविणारा मुलगा पावतीवर सही मागत होता; "सामान सुस्थितीत मिळाले" असे तीवर छापलेले होते. गुरुजींनी आधी पेटी पाहिली. आकड्यांचे कुलूप उचकटलेले होते. शेजारच्या दुकानातील काट्यावर वजन भरले १८.७ किलो; म्हणजे सुमारे साडेतीन किलो कमी. मग त्यांनी सहीच्या वर लिहिले: कुलूप तुटलेले, वजन १८.७, आतील वस्तू तपासावयाच्या आहेत. ही एक ओळ फार मोलाची. हरकत न घेता सामान स्वीकारले तर ते सुस्थितीत मिळाले असेच तह गृहीत धरतो.

औषधे होती, लाकडी पेटी होती. दोन्ही साड्या, एक लोकरी शाल आणि दाढीचे विजेचे यंत्र नव्हते. आम्ही दोन वेगळ्या मागण्या लिहविल्या. पहिली मोडतोडीची व गेलेल्या वस्तूंची. तिची अखेरची तारीख २२ मार्च होती, ती १७ तारखेसच पाठविली. गेलेल्या वस्तूंना उशिराची लांब मुदत लागू पडेल, असा युक्तिवाद कोणी करील. पण त्यावर विसंबू नये, सातच दिवस धरावेत. दुसरी उशिराबद्दलची, तिला ५ एप्रिलपर्यंत अवकाश होता. तीत ११ दिवसांत नव्याने घेतलेल्या औषधांच्या पावत्या जोडल्या. कपड्यांचा खर्च मागितला नाही. प्रवासी स्वतःच्या घरी परतलेला असेल तर घरी कपडे असणारच, असे म्हणून कंपन्या तो बहुधा नाकारतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. औषधांचे तसे नाही.

वस्तूंच्या यादीत प्रत्येकीपुढे खरेदीचे वर्ष, किंमत आणि पुरावा असे रकाने होते. साड्यांची पावती कोठून असणार? बाईंनी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो दिला, त्यात एक साडी नेसलेली होती. दुसरीची किंमत अंदाजाने लिहून 'अंदाज' असेच नमूद केले. फुगवून लिहिलेली एक वस्तू सापडली की साऱ्या यादीवरचा विश्वास उडतो.

मर्यादेविषयीही एक गैरसमज आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून तहातील मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एस.डी.आर. आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून पाच चलनांवरून त्याचा भाव रोज ठरतो. अलीकडील भावाने ही रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या आगेमागे जाते. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेले बक्षीस नव्हे. जेवढे नुकसान दाखविता येईल तेवढेच मिळते. त्याहून मोलाची वस्तू असल्यास सामान देतेवेळीच तिचे मूल्य लिहून जादा आकार भरावा लागतो. दागिने आणि रोकड मात्र हातातच ठेवावी. पेटीतील अशा वस्तूंची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत नाकारतात, आणि मग वाद वर्षानुवर्षे चालतो. केवळ देशांतर्गत प्रवासाला हा तह थेट लागू नाही. तेथील मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपयांची आहे. मुंबईपर्यंत नीट आलेली पेटी वेगळ्या तिकिटावर संभाजीनगरच्या वाटेत हरवली, तर हिशेब या लहान आकड्याने होतो.

कंपनीने मे महिन्यात औषधांचा सर्व खर्च आणि वस्तूंच्या मागणीपैकी सुमारे निम्मी रक्कम देऊ केली. वस्तू जुन्या असल्याने किंमत घटविली, असे कारण दिले होते. सोबतच्या कागदावर 'संपूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्द होते. त्यावर सही केली की प्रकरण तेथे मिटते, हे आम्ही गुरुजींना समजावून सांगितले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. त्यांना पटले नसते तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे बुलढाण्यास, दाद मागता येते. दावा कोठे लावावा याचे तहाचे स्वतःचे नियम आहेत, आणि कंपनीचा वकील त्यांवर बोट ठेवण्याचा संभव असतो. तेव्हा दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी, वेळ हाताशी ठेवून, चिठ्ठी, अर्ज, वजनांचे फोटो आणि मागणीची पोच ही चार कागदपत्रे घेऊन वकिलाकडे जावे.